सोसायटीच्या दुरुस्तीचं काम खरंच किती झालं? स्प्रेडशीटमधला कमावलेल्या मूल्याचा हिशेब

मार्च संपत आलेला असतो. सोसायटीच्या इमारतीभोवती परांची बांधून दोन महिने होत आलेले असतात. रविवारी सकाळी कमिटीची बैठक भरते. सचिव ठेकेदाराला विचारतात, "काम किती झालं?" उत्तर येतं, "निम्मं उरकलं, साहेब." खजिनदार पासबुक पाहून सांगतात, "चाळीस लाखांपैकी चौदा लाख गेलेत." मुदत निम्मी सरली, काम निम्मं झालं आणि पैसे तर निम्म्याहूनही कमी गेले. सगळ्यांना हायसं वाटतं आणि बैठक संपते.

उदाहरण म्हणून घेतलेल्या या इमारतीचा हिशेब नीट मांडला, तर चित्र वेगळंच निघतं. काम निम्मं झालेलं नाही, साडेसदतीस टक्केच झालं आहे. खर्च चौदा लाख नाही, अठरा लाख झाला आहे. आणि मे महिन्यात संपायचं रंगकाम जूनच्या पावसात सापडण्याची चिन्हं आहेत. बैठकीत कोणी खोटं बोललं नव्हतं. काम, पैसा आणि वेळ या तीन गोष्टी तिघांनी तीन वेगळ्या मापांनी मोजल्या होत्या, एवढंच.

या तिन्ही गोष्टी एकाच मापात, म्हणजे रुपयांत, मोजायची पद्धत आहे. तिला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. मराठीत कमावलेलं मूल्य म्हणू. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये मोठ्या शस्त्रास्त्र-प्रकल्पांच्या कंत्राटदारांसाठी ३५ निकषांच्या रूपात ती लागू केली. तिचा गाभा मात्र इतका साधा आहे, की दर आठवड्याची मोजमापं हाती असतील तर सोसायटीच्या खजिनदारालाही घरच्या संगणकावर ती वापरता येते.

त्यासाठी तीन आकडे लागतात. आजवर किती रुपयांचं काम व्हायला हवं होतं, ते नियोजित मूल्य. स्प्रेडशीटमध्ये त्याचा मथळा PV. आजवर झालेल्या कामाची अंदाजपत्रकातली किंमत किती, ते कमावलेलं मूल्य, EV. आणि त्या कामावर खरोखर किती खर्च आला, तो प्रत्यक्ष खर्च, AC. कमावलेलं मूल्य नियोजित मूल्यापेक्षा कमी असेल तर काम मागे आहे. ते प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी असेल तर काम महाग पडतं आहे.

योजनेचं पान

आपल्या इमारतीचं काम २ फेब्रुवारीच्या सोमवारी सुरू झालं. मुदत १६ आठवडे, म्हणजे २४ मेपर्यंत. अंदाजपत्रक ४० लाखांचं, सहा कामांत विभागलेलं:

| काम | रक्कम (लाख रु.) | आठवडे |
|---|---|---|
| परांची | २ | १ ते २ |
| तोडफोड | ३ | २ ते ४ |
| आरसीसी दुरुस्ती | ९ | ३ ते ८ |
| गिलावा | १४ | ६ ते १२ |
| वॉटरप्रूफिंग | ५ | ९ ते १३ |
| रंग | ७ | १३ ते १६ |

`Plan` नावाच्या पानावर A रकान्यात कामाचं नाव, B मध्ये रक्कम, C मध्ये सुरुवातीचा आठवडा आणि D मध्ये शेवटचा आठवडा लिहा. सहा कामं दुसऱ्या ते सातव्या ओळीत बसतील. पहिल्या ओळीत F1 पासून U1 पर्यंत १ ते १६ हे आठवडे मांडा. मग F2 मध्ये हे सूत्र लिहून सगळ्या चौकटींत ओढा:

```
=IF(AND(F$1>=$C2,F$1<=$D2),$B2/($D2-$C2+1),0)
```

आठवडा त्या कामाच्या मुदतीत बसत असेल तर कामाची रक्कम आठवड्यांत समान वाटायची, नसेल तर शून्य, एवढाच याचा अर्थ. डॉलरची खूण असलेला भाग ओढताना जागचा हलत नाही. तीच एखादी खूण सुटली की सूत्र चुकीच्या चौकटीतला आकडा उचलतं. आठव्या ओळीत प्रत्येक आठवड्याची बेरीज आणि नवव्या ओळीत आजवरची एकूण बेरीज घ्या:

```
=SUM(F2:F7)
=SUM($F8:F8)
```

U9 मध्ये बरोबर ४० लाख आले, तर योजना नीट मांडली गेली. आपल्या उदाहरणात आठव्या आठवड्याखाली नवव्या ओळीत २० लाख दिसतील. २९ मार्चपर्यंत एवढ्या रकमेचं काम व्हायला हवं होतं.

टक्के विचारायचे नाहीत, मोजायचे

दुसरं पान `Progress`. यात दर रविवारी प्रत्येक चालू कामासाठी एक ओळ भरायची: A मध्ये आठवडा, B मध्ये काम, C मध्ये आजवर झालेलं एकूण मोजमाप, D मध्ये त्या कामाचं आज माहीत असलेलं एकूण परिमाण. E मध्ये `=C2/D2`, म्हणजे पूर्ण झालेला भाग. टक्केवारी हाताने लिहायला जागाच ठेवायची नाही. अंदाजाने सांगितलेले टक्के भराभर नव्वदवर जातात आणि मग कित्येक आठवडे तिथेच घुटमळतात.

D रकान्यातलं "आज माहीत असलेलं" हे शब्द महत्त्वाचे आहेत. आरसीसी दुरुस्तीचा अंदाज ३,००० चौरस फुटांचा होता, दर ३०० रुपये फूट. पण जुना गिलावा काढल्यावर आणि हातोडीने ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज येणाऱ्या जागा, गंजून फुगलेल्या सळ्या अंदाजापेक्षा जास्त निघतात. जुन्या इमारतीत हा अनुभव नेहमीचाच. आपल्या इमारतीत आठव्या आठवड्यात पुन्हा पाहणी झाली आणि एकूण परिमाण ४,००० चौरस फूट ठरलं.

तोवर ३,२०० चौरस फूट काम झालेलं होतं. जुन्या ३,००० ने भागलं तर १०७ टक्के येतात. नव्या ४,००० ने भागलं तर ८०. खरा आकडा ८० हाच. शंभरावर जाणारा आकडा पाहून बरेच जण सूत्रात `MIN(1,…)` घालून तो शंभरावर रोखतात. असं करू नका. १०७ टक्के म्हणजे परिमाण बदललं आहे आणि कोणी ते कागदावर आणलेलं नाही, असा इशारा आहे. ती चौकट लाल होऊ द्या, झाकू नका.

जे काम फुटांत नीट मोजता येत नाही, त्याचे टप्पे आधीच ठरवावेत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये पाणी साठवून गळती तपासण्याचाही एक टप्पा असतो. ती चाचणी पार पडेपर्यंत त्या कामाला पूर्ण शंभर द्यायचे नाहीत.

खर्च म्हणजे दिलेले पैसे नव्हेत

तिसरं पान `Cost`: A मध्ये आठवडा, B मध्ये काम, C मध्ये रक्कम. इथे सर्वांत जास्त फसगत होते, कारण खजिनदार साहजिकच चेक दिल्यावर नोंद करतात. पण तुलना झालेल्या कामाशी करायची, तर खर्चही झालेल्या कामाचाच धरायला हवा. त्याचं बिल आलेलं असो वा नसो, पैसे दिलेले असोत वा नसोत.

आठव्या आठवड्याअखेर परांचीचे २ लाख, तोडफोडीचे ३.६ लाख, आरसीसीचे ३,२०० फुटांना ३०० रुपयांनी ९.६ लाख आणि गिलाव्याचे २.८ लाख असं एकूण १८ लाखांचं काम ठेकेदाराने केलेलं आहे. त्यातले १४ लाख दिले गेले आणि ४ लाखांचं रनिंग बिल अजून यायचं आहे. पासबुकातले १४ लाख धरले तर काम स्वस्तात होतंय असं दिसतं. ४ लाख मिळवले की ते महाग पडतंय हे दिसतं. एकाच दिवशी, एकाच इमारतीबद्दल, केवळ एका नोंदीमुळे निष्कर्ष उलटा होतो.

डॅशबोर्डची सूत्रं

चौथं पान `Dashboard`. B1 मध्ये आठवड्याचा क्रमांक लिहायचा, आत्ता 8. A5 ते A10 मध्ये कामांची नावं `Plan` मधल्याच क्रमाने, B मध्ये रकमा. C5 मध्ये नियोजित मूल्य:

```
=SUMIFS(Plan!$F2:$U2,Plan!$F$1:$U$1,"<="&$B$1)
```

`SUMIFS` अट पाळणाऱ्या चौकटींचीच बेरीज करतं. इथे अट आहे, आठवडा B1 इतका किंवा त्याआधीचा.

कमावलेल्या मूल्यासाठी प्रत्येक कामाची सर्वांत ताजी नोंद लागते आणि हीच जागा सर्वांत नाजूक आहे. निव्वळ आठव्या आठवड्याची नोंद शोधायला सांगितली, तर त्या आठवड्यात ज्या कामाची ओळ भरलेली नाही, त्याचं मूल्य शून्य होतं. परांची दुसऱ्याच आठवड्यात उभी राहिली, पुढे तिची नोंद कोणी केली नाही, आणि डॅशबोर्डवर तिचे २ लाख गायब. यावर उपाय म्हणून काही जण `MAXIFS` वापरून आजवरची सर्वांत मोठी टक्केवारी घेतात. पण आपल्या आरसीसीची सातव्या आठवड्याची नोंद २,७०० भागिले ३,००० म्हणजे ९० टक्के होती, आणि परिमाण वाढल्यावर आठव्यात ती ८० झाली. सर्वांत मोठा आकडा घेतला तर जुने ९० तसेच राहतात आणि दुरुस्त माहिती डॅशबोर्डपर्यंत पोचतच नाही.

म्हणून काम दोन पायऱ्यांत करायचं. D5 मध्ये आधी त्या कामाच्या ताज्या नोंदीचा आठवडा शोधायचा, मग E5 मध्ये त्या आठवड्याची टक्केवारी आणायची:

```
=MAXIFS(Progress!$A$2:$A$500,Progress!$B$2:$B$500,$A5,Progress!$A$2:$A$500,"<="&$B$1)
=SUMIFS(Progress!$E$2:$E$500,Progress!$B$2:$B$500,$A5,Progress!$A$2:$A$500,D5)
```

`MAXIFS` एक्सेलमध्ये २०१९ च्या आवृत्तीपासून मिळतं. गूगल शीट्समध्येही आहे. F5 मध्ये कमावलेलं मूल्य `=B5*E5`. G5 मध्ये प्रत्यक्ष खर्च:

```
=SUMIFS(Cost!$C$2:$C$500,Cost!$B$2:$B$500,$A5,Cost!$A$2:$A$500,"<="&$B$1)
```

ही सूत्रं दहाव्या ओळीपर्यंत ओढा आणि अकराव्या ओळीत बेरजा घ्या. परांचीचे २, तोडफोडीचे ३, आरसीसीच्या ९ लाखांचे ८० टक्के म्हणजे ७.२ आणि गिलाव्याच्या १४ लाखांचे २० टक्के म्हणजे २.८, असं कमावलेलं मूल्य बरोबर १५ लाख येतं. आता दोन गुणोत्तरं, पहिलं वेळेचं आणि दुसरं खर्चाचं:

```
=IF(C11=0,"",F11/C11)
=IF(G11=0,"",F11/G11)
```

पहिलं १५ भागिले २०, म्हणजे ०.७५. ठरलेल्या कामाच्या तीन चतुर्थांशच काम झालं. दुसरं १५ भागिले १८, म्हणजे ०.८३. खर्च झालेल्या प्रत्येक रुपयामागे ८३ पैशांचं काम पदरी पडलं. ही गुणोत्तरं नेहमी बेरजांवरून काढायची. प्रत्येक कामाचं गुणोत्तर काढून त्यांची सरासरी घेतली, तर २ लाखांच्या परांचीला ९ लाखांच्या आरसीसीइतकंच वजन मिळतं आणि इथे ०.८३ ऐवजी ०.९० दिसू लागतं.

शेवटी किती लागतील?

पुस्तकी सूत्र म्हणतं, एकूण अंदाजपत्रकाला खर्चाच्या गुणोत्तराने भागा. ४० भागिले ०.८३ म्हणजे ४८ लाख. कमिटीसमोर हा आकडा ठेवला तर सभासदांवर ८ लाखांची जादा वर्गणी येणार, अशी बातमी संध्याकाळपर्यंत जिन्याजिन्यात पसरेल. पण या सूत्रात एक गृहीतक आहे: आजवर काम जेवढं महाग पडलं, तेवढंच उरलेलंही पडेल. आपल्याकडे तसं नाही. महाग पडली ती तोडफोड आणि आरसीसी. गिलावा ठरलेल्या दरातच चालला आहे आणि रंगाला अजून हातही लागलेला नाही.

म्हणून अंदाज कामागणिक काढायचा. H5 मध्ये:

```
=IF(E5>0,G5/E5,B5)
```

काम सुरू झालं असेल तर आजवरचा खर्च भागिले पूर्ण झालेला भाग. नसेल तर मूळ रक्कम. परांची २, तोडफोड ३.६, आरसीसी ९.६ भागिले ०.८ म्हणजे १२, गिलावा १४, वॉटरप्रूफिंग ५, रंग ७. बेरीज ४३.६ लाख. जादा ३.६ लाख लागतील आणि त्यातले ३ लाख आरसीसीच्या वाढलेल्या हजार फुटांचे आहेत, हे सभासदांना समजावून सांगता येतं. डॅशबोर्डवर ४८ आणि ४३.६ हे दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. त्यांतलं अंतर मोठं असेल, तर महागाई एकदोन कामांपुरती आहे असं समजावं. एखादं काम जेमतेम पाच टक्के झालेलं असताना मात्र H रकान्यातल्या त्याच्या आकड्यावर विसंबू नये. सुरुवातीच्या सामानाचा खर्चच तो भलता फुगवतो.

काम कधी संपेल?

वेळेच्या गुणोत्तरात एक मूळचाच दोष आहे. काम कितीही उशिरा संपलं, तरी शेवटी कमावलेलं मूल्य ४० लाख होतं, नियोजित मूल्यही ४० लाखच असतं, आणि गुणोत्तर १ होऊन बसतं. म्हणजे उशीर झालाच नाही! वॉल्ट लिप्की या अमेरिकी अभ्यासकाने २००३ मध्ये यावर तोड सुचवली. आज जेवढं मूल्य कमावलं, तेवढं योजनेनुसार कितव्या आठवड्यात कमवायचं होतं ते शोधा आणि वेळ वेळेशीच ताडून पाहा. B14 ते B17 मध्ये अनुक्रमे ही चार सूत्रं:

```
=COUNTIF(Plan!F9:U9,"<="&F11)
=B14+(F11-INDEX(Plan!F9:U9,B14))/INDEX(Plan!F8:U8,B14+1)
=B15/B1
=16/B16
```

योजनेत सहाव्या आठवड्याअखेर १३ लाख आणि सातव्याअखेर १६.५ लाख होते. आपले १५ लाख त्यांच्या मधे पडतात. उत्तर ६.५७ आठवडे. आठ आठवडे राबून आपण साधारण साडेसहाव्या आठवड्याच्या जागी पोचलो आहोत. हाच वेग राहिला तर १६ चे साडेएकोणीस आठवडे होतील आणि २४ मेला संपायचं काम १८ जूनच्या सुमारास संपेल. मुंबई-पुण्यात तोवर पाऊस सुरू झालेला असतो आणि ओल्या भिंतीवर बाहेरचा रंग टिकत नाही. पहिल्या आठवड्याचंही मूल्य पुरतं कमावलेलं नसेल तेव्हा, आणि काम पूर्ण झाल्यावर, ही सूत्रं चालत नाहीत. शिवाय कोणतं काम कोणत्या कामासाठी खोळंबलं आहे हे त्यांना कळत नाही. इथे गिलावा खोळंबला तो आरसीसीची जागा मोकळी होत नव्हती म्हणून. ते परांचीवर चढून पाहणाऱ्यालाच समजतं.

आलेख काढायचा असेल तर एका पानावर A2 पासून १ ते १६ आठवडे लिहून तीन रेषा घ्या. पुढच्या आठवड्यांसाठी खर्चाची रेषा सपाट धावू नये म्हणून तिथे `NA()` द्यायचं. आलेख तेवढे बिंदू सोडून देतो:

```
=IF(A2>Dashboard!$B$1,NA(),SUMIFS(Cost!$C$2:$C$500,Cost!$A$2:$A$500,"<="&A2))
```

कमावलेल्या मूल्याचा आकडा मात्र दर रविवारी नुसती किंमत म्हणून चिकटवून ठेवावा. परिमाण वाढल्यामुळे रेषा एखाद्या आठवड्यात खाली वळली तर वळू द्यावी. त्या आठवड्यात काय कळलं त्याची ती नोंद आहे.

न दिसणारी चूक

`SUMIFS` ला नाव जुळलं नाही तर ते तक्रार करत नाही. ती रक्कम गुपचूप सोडून देतं. देवनागरीत हा धोका अधिक. "वॉ" हे अक्षर संगणकात दोन प्रकारे टंकता येतं: ऑचं एकच चिन्ह देऊन, किंवा काना आणि चंद्र वेगवेगळे देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसू शकतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. नावापुढे राहिलेली एखादी मोकळी जागाही पुरते. म्हणून `Progress` आणि `Cost` मध्ये कामाचं नाव टंकू देऊ नका. `Data Validation` वापरून `Plan` मधल्या नावांची यादी द्या आणि त्यातूनच निवडायला लावा. आणि डॅशबोर्डवर ही एक चौकट कायम ठेवा:

```
=SUMIFS(Cost!$C$2:$C$500,Cost!$A$2:$A$500,"<="&$B$1)-G11
```

इथे शून्याखेरीज काही दिसलं, तर एखाद्या नोंदीचं नाव जुळलेलं नाही. शून्य येईपर्यंत वरचा एकही आकडा बैठकीत वाचू नका. तसंच एका कामाची एका आठवड्यात दोनदा नोंद झाली तर टक्केवारी दुप्पट होते. E रकान्यात शंभरावरचा आकडा दिसला की आधी ते तपासा.

आठव्या आठवड्यात ही तूट कळली, तर गिलाव्यासाठी दुसरी टोळी लावता येते, गच्चीचं काम आधी हाती घेता येतं आणि ३.६ लाखांसाठी सभासदांची सभा वेळेवर बोलावता येते. तीच जूनमध्ये कळली तर यातलं काहीच हाती उरत नाही. म्हणून पुढच्या बैठकीत ठेकेदाराला "किती टक्के झालं?" असं विचारू नका. "आजवर किती फूट झालं आणि आता एकूण किती फूट आहे?" असं विचारा, दोन्ही आकडे त्याच्यासमोर वहीत लिहा आणि मगच स्प्रेडशीट उघडा.